कमाईची तारीख आणि हिशेबाची तारीख

दसऱ्यानंतर आमच्या तालुक्याच्या गावी कृषी केंद्रवाल्यांची बैठक होती. बियाण्यांच्या परतीचे हिशेब, उधारी, रब्बीच्या हरभऱ्याचा साठा असे नेहमीचेच विषय होते. ते आटोपल्यावर चहाच्या वेळी वाद पेटला तो एका पोराच्या पैशावरून. गेल्या खरिपात आमच्या भागात एका बियाणे कंपनीचं काम पाहणाऱ्या या पोराने पोळ्याच्या आधी राजीनामा दिला, एक महिन्याची नोटीस पूर्ण केली आणि दुसरीकडे रुजू झाला. हंगामाचा इन्सेन्टिव्ह कंपनी ऑक्टोबरच्या पगारासोबत देते. त्याने विचारलं तेव्हा उत्तर आलं, "31 ऑक्टोबरला तुम्ही कंपनीच्या पटावर नव्हता, म्हणून रक्कम लागू होत नाही."

बैठकीतले अर्धे लोक म्हणाले, कागदावर सही केली ना, मग रडायचं कशाला. उरलेले म्हणाले, पोराने उन्हातान्हात घाम गाळलाय, पैसे मिळालेच पाहिजेत. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या, पण मुद्द्याला कुणीच हात घातला नाही. सही केली एवढ्याने अट रास्त ठरत नाही, आणि घाम गाळला एवढ्याने रक्कम देय होत नाही. त्या पोराने जे विकलं त्याचे पैसे तो असतानाच कमावले गेले होते की नव्हते, एवढाच खरा प्रश्न होता.

माझं मत आधीच सांगतो. राजीनाम्यापूर्वी जे कमिशन कमावून झालं, ते माणूस गेल्यावरही द्यावंच लागेल. त्याचा हिशेब पुढच्या तारखेला होतो म्हणून ती कमाई पुढच्या तारखेची होत नाही. मात्र कमावून काय झालं आणि काय बाकी होतं, हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं, आणि ते तपासायला बियाण्यांचा धंदा चालतो कसा हे माहीत असावं लागतं. मी त्यात अकरा वर्षं कंपनीच्या बाजूने फिरलो आणि आता काउंटरच्या आत बसतो. म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

कपाशीचं बियाणं एप्रिल-मेमध्ये दुकानांत येऊन पडतं. याला आम्ही प्लेसमेंट म्हणतो. कंपनीच्या कागदावर ती विक्री असते, खरी विक्री मात्र नसते. खरी विक्री जूनमध्ये पाऊस पडल्यावर शेतकऱ्याच्या हाती पाकीट गेलं की होते. जुलैच्या मध्यापर्यंत पेरण्या आटोपतात, पेरणी वाया गेली तर दुबार पेरणीचं थोडं बियाणं जातं, आणि त्यानंतर जे पाकीट रॅकवर उरलं ते उरलंच. ऑगस्टमध्ये परतीची गाडी येते. दुकानदार न खपलेली पाकिटं मोजून परत करतो, कंपनी त्याची क्रेडिट नोट देते. प्लेसमेंटमधून परत वजा केली की निव्वळ विक्री निघते. मग वसुली. दुकानदाराने काही पैसे आगाऊ भरलेले असतात, बाकीचे सप्टेंबरअखेरपर्यंत येत राहतात. हे सगळं मिटलं की मुख्यालयातला माणूस तक्ता तयार करतो आणि दिवाळीच्या सुमारास इन्सेन्टिव्ह खात्यावर पडतो.

म्हणजे एप्रिलमध्ये ज्याने दुकानं फिरून माल लावला, मे महिन्यात गावोगावी शेतकऱ्यांच्या बैठका घेतल्या, जूनमध्ये रोज दीडशे किलोमीटर मोटारसायकल चालवली, त्याच्या कामाचं मोजमाप ऑक्टोबरमध्ये होतं. या चार-पाच महिन्यांच्या अंतरातच सगळा वाद बसलेला आहे.

आता त्या पोराचा हिशेब मांडतो. पगार 19,000. योजना अशी, की निव्वळ विकलेल्या प्रत्येक पाकिटामागे सहा रुपये. त्यातले चार विक्रीचे आणि दोन वसुलीचे. वसुलीचे दोन केव्हा, तर 30 सप्टेंबरपर्यंत येणे रकमेच्या 90 टक्के वसूल झाली तर. त्याने 14,000 पाकिटं लावली. तो असतानाच ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात 2,600 परत गेली. तो 7 सप्टेंबरला मोकळा झाला. त्यानंतर आणखी 300 आली. निव्वळ विक्री 11,100. तो गेला तेव्हा वसुली 75 टक्के झाली होती, उरलेली 15 टक्के त्याच्या जागी आलेल्या माणसाने करून 90 गाठली.

विक्रीचे चार रुपये घ्या. 11,100 गुणिले चार, म्हणजे 44,400. शेवटचं पाकीट जुलैत शेतकऱ्याच्या घरी गेलं. 7 सप्टेंबरनंतर या रकमेसाठी त्या पोराला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. उरलेली 300 पाकिटं परत आली ती वजा करूनच आकडा धरलाय. ही रक्कम पुरती कमावलेली आहे.

वसुलीच्या दोन रुपयांचे 22,200 होतात. इथे मी त्या पोराची बाजू पूर्ण घेणार नाही. तो गेला तेव्हा 90 टक्क्यांची अट पुरी झालेली नव्हती. ती दुसऱ्याने पुरी केली. काटेकोर अर्थ लावला तर कंपनी म्हणू शकते की हा भाग कमावलाच गेला नव्हता. पण अट शेवटी पुरी झाली, आणि 90 पैकी 75 त्याच्या खेटा मारण्यातून आली. 22,200 चे 90 भाग करून 75 त्याला दिले तर 18,500 होतात आणि नव्या माणसाच्या वाट्याला 3,700 येतात. याहून रास्त वाटणी मला सुचत नाही. एकूण 62,900. त्या पोराच्या तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त.

मला तो बैठकीच्या बाहेर एवढंच म्हणाला, "भाऊ, मी सोडून गेलो तं माह्या हातचं बियाणं उगवलं नाही का?"

आता कंपनीच्या बाजूचे मुद्दे. ते पोकळ नाहीत, आणि त्यातला एक मी स्वतः भोगलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचा प्रतिनिधी सोयाबीन पेरणी जवळजवळ संपल्यावर माझ्या गोदामात चाळीस बॅगा उतरवून गेला. "काका, फक्त महिनाभर ठेवा, टार्गेट पुरं होते, मग मी उचलतो." त्याच्या शब्दावर ठेवल्या. तो महिन्याच्या आत कंपनी सोडून गेला. बॅगा पावसाळी दमटपणात पडून राहिल्या, परतीची मुदत निघून गेली आणि नवा माणूस म्हणाला, मला यातलं काही माहीत नाही. याला आमच्या धंद्यात डंपिंग म्हणतात. अशी विक्री दाखवून इन्सेन्टिव्ह उचलायचा आणि पसार व्हायचं, ही माणसं आहेत. कंपनीने त्यांच्यापासून स्वतःला वाचवलं तर तिचं काय चुकलं?

काहीच नाही. पण त्या रोगावरचं औषध निव्वळ विक्रीच्या सूत्रात आधीच आहे. परत आलेलं वजा करा. परत यायचं राहिलंय असं वाटत असेल तर सप्टेंबरअखेरपर्यंत थांबा. दुकानदाराकडून साठ्याचा लेखी उतारा घ्या. खोटं प्लेसमेंट सापडलं तर तेवढी पाकिटं काढून टाका, आणि फसवणूक सिद्ध झाली तर सगळंच थांबवा. पण या सगळ्यात पटावर असण्याची अट कुठे उपयोगी पडते? माझ्या गोदामात बॅगा टाकणारा माणूस ऑक्टोबर संपेपर्यंत नोकरीत टिकला असता तर त्या अटीने त्याला पूर्ण पैसे दिले असते. आणि ज्याच्या मालाची परत मोजून, गाडीत भरून, पावतीसह गेली त्या पोराला तिने शून्य दिलं. चोर आणि साव यांच्यात फरक न करणारी अट चोरीविरुद्धची म्हणता येत नाही. ती फक्त जाणाऱ्याला भरायला लावलेली किंमत आहे.

दुसरा मुद्दा असा, की इन्सेन्टिव्हचा हेतूच माणूस टिकवणं हा असतो. काही रकमांच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. "मार्चअखेरपर्यंत राहिलास तर वीस हजार" असं कंपनीने सांगितलं आणि तो डिसेंबरात गेला, तर वीस हजारांवर त्याचा हक्क नाही. ती राहण्याची किंमत होती, तो राहिला नाही. अशा रकमेसाठी भांडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. वर्षअखेरीला मालकाने खूश होऊन दिलेली, कुठल्याच मापाला न बांधलेली बक्षिसीही तशीच. पण पाकिटामागे सहा रुपये ही राहण्याची किंमत आहे का? रक्कम कशाने वाढते आणि कशाने घटते ते बघावं. पाकीट वाढलं की ती वाढते, पाकीट परत आलं की घटते. नोकरीत एक दिवस जास्त काढला म्हणून ती एका पैशाने वाढत नाही. म्हणजे ती पाकिटाची किंमत आहे. तिच्यावर शेवटी राहण्याची अट चिकटवून दोन वेगळ्या गोष्टी एकाच ताटात वाढल्या जातात, आणि माणूस पहिलीसाठी राबतो तेव्हा दुसरी आपोआप त्याच्या गळ्यात पडते.

शिवाय या धंद्यात टिकवून ठेवण्याचा अर्थ काय होतो तेही पाहा. खरिपाचे पैसे दिवाळीला मिळतात. तोवर रब्बीचं प्लेसमेंट सुरू झालेलं असतं. रब्बीचे पैसे उन्हाळ्यात मिळतात, तोवर पुन्हा कपाशीचं बुकिंग लागलेलं असतं. ज्या दिवशी निघालो तर काहीच बुडणार नाही, असा दिवस वर्षात येतच नाही. माणसाचं काही ना काही कंपनीकडे अडकलेलंच राहतं.

याचं आमच्या मातीतलं माप द्यायचं तर कापसाच्या वेचणीकडे बघा. दिवाळीनंतर कुठल्याही शेतात संध्याकाळी जा. बाया धुऱ्यावर गाठोडी आणून ठेवतात, बाभळीला काटा टांगलेला असतो, एकेक गाठोडं चढतं, किलो सांगितले जातात, शेतमालक किंवा त्याची बायको वहीत लिहिते. पैसे बहुधा आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी मिळतात. समजा सोमवारी, मंगळवारी एका बाईने वेचलं आणि बुधवारपासून ती दुसऱ्याच्या शेतात गेली, कारण तिथे किलोमागे रुपया जास्त मिळतो. मालक चिडेल, दोन शब्द बोलेल, पुढच्या वर्षी बोलावणार नाही. पण सोमवारचे आणि मंगळवारचे किलो त्याने बुडवले तर गाव काय म्हणेल? "बाजाराच्या दिवशी तू माझ्या शेतात नव्हतीस" हे कारण ऐकून घेईल का कुणी? वहीत लिहिलेले किलो तिचे झाले, ते वजन झालं त्याच क्षणी. बाजाराचा दिवस फक्त हिशेबाचा.

हाच न्याय शेतकऱ्याने स्वतःसाठीही मागितलेला आहे. 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना चालली. तिच्या चुकाऱ्यांना उशीर झाला म्हणून विदर्भात किती ओरड झाली, हे माझ्या वयाच्या माणसांना आठवत असेल. पण पुढल्या हंगामात तू कापूस पेरणार नाहीस, तुरीकडे वळलास, म्हणून मागच्या कापसाचा चुकारा मिळणार नाही, असं कुणी म्हणालं असतं तर? त्या बैठकीत "सही केली ना" म्हणणारे बहुतेक जण शेतकऱ्याच्याच घरातले आहेत. स्वतःच्या कापसाला त्यांनी हा नियम एक दिवसही सोसला नसता.

तिसरा मुद्दा कराराचा आहे आणि तो सर्वांत वजनदार. अट लिहिलेली होती, पोराने वाचली असो वा नसो, सही केली. करार पाळायचे नाहीत तर धंदा कसा चालायचा? मी दुकानदार आहे, हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. पण कराराचे दोन भाग आहेत हे लक्षात घ्या. एका भागात कंपनीने लिहून दिलं की प्रत्येक निव्वळ पाकिटामागे सहा रुपये देऊ. त्या शब्दावर पोराने काम केलं आणि कंपनीने त्याचा नफा घेतला. दुसऱ्या भागात ती म्हणते, पण ऑक्टोबरअखेर असलास तरच. पहिल्या भागाचा पूर्ण फायदा घेऊन दुसऱ्याने तो फिरवता येतो का? 1986 मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोन पक्षांची ताकद अगदीच असमान असेल, दुबळ्याला ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून गत्यंतर नसेल आणि अट अन्याय्य असेल, तर न्यायालय ती अंमलात आणणार नाही. तो सरकारी कंपनीचा खटला होता आणि नोकरीतून काढण्याच्या कलमाचा होता. तो खाजगी कंपनीच्या इन्सेन्टिव्हला जसाच्या तसा लागू होतो असा दावा मी करत नाही. पण "सही केली की संपलं" एवढा आपला कायदा भाबडा नाही, हे त्यातून कळतं.

कंपन्यांचे लोक हल्ली आणखी एक उत्तर देतात. नवी वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळलेलं आहे, म्हणून ते वेतनच नाही, म्हणून देणं लागत नाही. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करा, असं ही संहिता सांगते, पण त्या घाईच्या नियमात कमिशन सरळ बसत नाही. कमिशनसारख्या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर जादा भाग वेतनात धरला जातो, पण 19,000 पगाराच्या या पोराला त्याचा उपयोग नाही. इथपर्यंत कंपनीचं बरोबर. पण वेतन नाही म्हणजे देणं नाही, हे कुठून आलं? कृषी केंद्राचं कंपनीकडे परतीचं येणं असतं तेही वेतन नसतं. ते बुडवता येतं का? व्याख्या फक्त एवढं ठरवते की कोणत्या दारातून मागायचं. करारातलं येणं करारातलं येणंच राहतं, आणि त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा दरवाजा तीन वर्षं उघडा असतो.

उलट त्याच संहितेत कायदा बनवणाऱ्यांचा कल कुठे आहे तेही दिसतं. कायद्याने मिळणाऱ्या वार्षिक बोनससाठी त्या वर्षात किमान तीस दिवस काम केलेलं असणं पुरतं. बोनस कुणाचा बुडतो याचीही यादी आहे. फसवणूक, आवारात दंगा किंवा हिंसक वर्तन, चोरी वा मोडतोड, आणि लैंगिक छळाच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन काढला गेलेला. राजीनामा त्या यादीत नाही. 1965 च्या बोनस कायद्यातही नव्हता.

आणि हा बोनस कुठून आला? पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना भरमसाट नफा झाला आणि 1917 पासून मालक कामगारांना बोनस देऊ लागले. काही वर्षं दिला आणि मग नफा कमी झाल्याचं कारण सांगून बंद केला. 1924 च्या सुरुवातीला गिरण्या संपाने थांबल्या. सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने सांगितलं, या रकमेवर कामगारांचा रूढीने किंवा कायद्याने हक्क सिद्ध होत नाही. म्हणजे मालकाची मर्जी. पोराला आलेल्या उत्तरातला सूर आणि शंभर वर्षांपूर्वीचा तो निष्कर्ष शेजारी ठेवून वाचा. फरक एवढाच, की गिरणी कामगाराजवळ किलोमागे किंवा वारामागे लिहून दिलेला बोनसचा दर नव्हता. या पोराजवळ पाकिटामागे सहा रुपयांचा लेखी दर आहे. जो हक्क नाही म्हणून हिणवला गेला, तो पुढे चाळीस वर्षांनी संसदेने कायद्यात लिहिला. ज्याचा दर, माप आणि मुदत सगळं लेखी आहे त्याला मर्जी म्हणण्याचं धाडस कसं होतं?

कंपनीने पुढल्या हंगामासाठी योजना बदलावी. दर चारवर आणावा, बंदच करावा. तो तिचा अधिकार. पण झालेल्या हंगामाला तो मागे जाऊन लागू करता येत नाही.

हे सगळं मला इतक्या तळमळीने वाटतं त्याचं कारण सांगतो. 2011 मध्ये मी एक कंपनी सोडली तेव्हा माझे 31,000 रुपये असेच राहिले. मुख्यालयात बोलावून समोर दोन कागद ठेवले. एक अनुभवाचा दाखला, दुसरा "कंपनीकडे माझे काहीही येणे बाकी नाही" असं लिहिलेला. दुसऱ्यावर सही केल्यावर पहिला मिळणार. नव्या नोकरीत चार दिवसांनी रुजू व्हायचं होतं, दाखला हवा होता. मी सही केली. आज कुणी जात असेल तर त्याला मी एवढंच सांगतो, की सहीवर "हंगामाच्या इन्सेन्टिव्हवरील हक्क राखून" अशी एक ओळ स्वतःच्या हाताने लिही आणि त्या कागदाचा फोटो काढ. आणि हे राजीनामा देण्याआधी कर: योजनेचा मेल स्वतःच्या पत्त्यावर ठेव, दुकानवार विक्रीचा तक्ता उतरवून घे, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं. मग आकडा काय होता हे फक्त कंपनीला माहीत असतं.

त्या पोराने मेल ठेवला होता, तक्ता नव्हता. म्हणून तो गेले दोन आठवडे दुकानादुकानांत फिरतोय. प्रत्येकाकडून प्लेसमेंटचं चलान, परतीची पावती आणि खात्याचा उतारा घेतोय. काही जणांनी नव्या माणसाची नाराजी नको म्हणून टाळलं. परवा माझ्याकडे आला. माझी परत 140 पाकिटांची होती, 27 ऑगस्टची पावती, खाली त्याचीच सही. मी झेरॉक्स काढली, दुकानाचा शिक्का मारला आणि उतारा सोबत जोडून दिला. एकोणीस दुकानं झालीत, पाच राहिलीत.